शंभर ग्रॅम आणि एक सर्व्हिंग : पाकिटामागचा तक्ता वाचताना

पाकीटबंद खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला जो पोषणतक्ता असतो, त्यात बहुधा दोन प्रकारचे आकडे असतात : एक, शंभर ग्रॅम (किंवा द्रवपदार्थ असल्यास शंभर मिलिलिटर) पदार्थात ऊर्जा, साखर, सोडियम इत्यादी किती आहे याचे, आणि दुसरे, एका ‘सर्व्हिंग’मधून, म्हणजे उत्पादकाने एका वेळचे खाणे म्हणून गृहीत धरलेल्या मात्रेतून, दिवसाच्या शिफारशीचा किती टक्के भाग मिळतो याचे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांत ही टक्केवारी काढण्यासाठी 2000 किलोकॅलरी ऊर्जा, 50 ग्रॅम वरून घातलेली साखर आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम हे दिवसाचे आकडे पायाभूत मानले आहेत. सोडियमचा हा आकडा सुमारे 5 ग्रॅम मिठाइतका, म्हणजे साधारण एक चहाचा चमचाभर होतो. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की त्याच्या बरोबरीचे मीठ मिळते. हा हिशोब एकदा हाती आला की तक्त्यातील ‘मिलिग्रॅम’ या शब्दाची भीती उरत नाही.

तक्ता वाचूनही फसगत कशी होते, हे एका कुटुंबाच्या अनुभवावरून स्पष्ट होते. घरातील आजोबांना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले होते, परंतु संध्याकाळच्या चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत खाण्याची त्यांची सवय सुटणारी नव्हती. तेव्हा नववीत शिकणाऱ्या नातवाने दुकानात दोन पाकिटे शेजारी ठेवून त्यांची तुलना केली. भाजक्या चिप्सच्या पाकिटावर एका सर्व्हिंगमध्ये 150 मिलिग्रॅम, तर पोह्यांच्या चिवड्यावर 180 मिलिग्रॅम सोडियम लिहिलेले होते. शिवाय चिप्सवर ‘भाजलेले, तळलेले नाही’ असेही ठळक छापले होते, त्यामुळे चिप्स घरी आले आणि आजोबांच्या चहासोबतचा चिवडा बंद झाला. पुढे आहारतज्ज्ञांनी दोन्ही पाकिटे मागवून पाहिली, तेव्हा चिप्सचे सर्व्हिंग 20 ग्रॅमचे आणि चिवड्याचे 30 ग्रॅमचे असल्याचे उघड झाले. मात्रा वेगवेगळ्या असताना त्यांचे आकडे थेट ताडून पाहिले गेले होते, एवढीच चूक होती, पण निष्कर्ष उलटा निघण्यास ती पुरेशी ठरली.

दोन्ही आकडे शंभर ग्रॅमवर आणले की खरे चित्र दिसते. 150 ला 20 ने भागून 100 ने गुणले असता चिप्समध्ये शंभर ग्रॅमला 750 मिलिग्रॅम, आणि 180 ला 30 ने भागून तसेच केले असता चिवड्यात 600 मिलिग्रॅम सोडियम येते. म्हणजे ज्याला कमी खारट समजले तेच अधिक खारट होते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे : चिप्सचे पाकीट 60 ग्रॅमचे होते आणि आजोबा ते एका बैठकीत संपवीत असत. त्यामुळे वेष्टनावर एका सर्व्हिंगपुढे साडेसात टक्के छापलेले असले, तरी प्रत्यक्षात तीन सर्व्हिंग पोटात जात, म्हणजे 450 मिलिग्रॅम सोडियम, सुमारे सव्वा ग्रॅमला थोडे कमी मीठ, दिवसाच्या शिफारशीचा साडेबावीस टक्के भाग. सर्व्हिंग किती मानायचे हे बहुतांशी उत्पादकच ठरवतो. ते लहान ठेवले की सगळे आकडे सौम्य दिसतात. यात खोटे काही नसते, फक्त वाचणाऱ्याने पाकिटाचे निव्वळ वजन पाहणे विसरू नये. भाजणे आणि तळणे हा प्रश्न तेलाचा आहे, मिठाचा नाही, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

मात्र शंभर ग्रॅमचा आकडा सर्वत्र सारखाच उपयोगी पडतो असे नाही. लोणचे किंवा पापड यांचे शंभर ग्रॅमचे सोडियम पाहून कोणीही दचकेल, परंतु ताटात लोणच्याची एखादी फोड येते. पापडाच्या बाबतीत तर पापडखारातूनही सोडियम येते, केवळ मिठातून नव्हे. म्हणून एकाच प्रकारच्या दोन पदार्थांतून निवड करताना शंभर ग्रॅमचा आकडा वापरावा, आणि एकाच पदार्थाचा आपल्या आहारावरचा भार मोजताना आपण प्रत्यक्ष खातो तेवढ्या वजनाने गुणावे, हा नियम व्यवहारात चांगला टिकतो.

साखरेच्या ओळी दोन असतात. ‘टोटल शुगर’ म्हणजे पदार्थातील एकूण साखर, ज्यात दुधातील लॅक्टोज आणि फळांतील साखर यांचाही समावेश होतो. ‘ॲडेड शुगर’ म्हणजे उत्पादनाच्या वेळी वरून घातलेली साखर. घटकपदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे साखर पहिल्या दोन-तीन घटकांत असणे ही सूचनाच असते. पण ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशा नावांनी ती विभागली गेली, तर प्रत्येक नाव यादीत खाली सरकते. अशा वेळी यादीपेक्षा तक्त्यातील ग्रॅमचा आकडा अधिक विश्वासार्ह ठरतो. माल्टोडेक्स्ट्रिन हा पिठूळ पदार्थ मात्र साखरेच्या ओळीत मोजला जात नाही, तरी रक्तातील ग्लुकोज तो झपाट्याने वाढवतो. ज्यांना मधुमेहामुळे हिशोब ठेवावा लागतो त्यांनी ‘कार्बोहायड्रेट’ची ओळही वाचावी.

पुढील प्रश्न किशोरवयीन विद्यार्थ्यांनी कागदावर आकडे मांडून सोडवावेत. त्यांतील पदार्थ काल्पनिक आहेत.

1. एका बिस्किटात शंभर ग्रॅमला 24 ग्रॅम वरून घातलेली साखर आहे, सर्व्हिंग दोन बिस्किटांचे म्हणजे 12.5 ग्रॅमचे आहे, आणि एकाने आठ बिस्किटे खाल्ली. त्याला किती साखर मिळाली?

2. टोमॅटो सॉसच्या पहिल्या बाटलीवर 15 ग्रॅमच्या सर्व्हिंगला 150 मिलिग्रॅम, तर दुसरीवर 10 ग्रॅमच्या सर्व्हिंगला 120 मिलिग्रॅम सोडियम आहे. अधिक खारट कोणते?

3. लस्सीत शंभर मिलिलिटरला एकूण साखर 12 ग्रॅम व वरून घातलेली साडेसात ग्रॅम, तर ‘साखर न घातलेल्या’ फळांच्या रसात एकूण साखर 11 ग्रॅम आहे. दोन्हींचे पाकीट 200 मिलिलिटरचे असताना लस्सीतील दुधाची साखर किती, आणि रस निर्धास्तपणे प्यावा का?

पहिल्या प्रश्नात आठ बिस्किटांचे वजन 50 ग्रॅम होते, म्हणून साखर 12 ग्रॅम, म्हणजे 50 ग्रॅमच्या मर्यादेचा 24 टक्के भाग. दुसऱ्यात शंभर ग्रॅमला अनुक्रमे 1000 आणि 1200 मिलिग्रॅम येतात, त्यामुळे सर्व्हिंगचा आकडा लहान असूनही दुसरा सॉस अधिक खारट. तिसऱ्यात लस्सीच्या पाकिटात एकूण साखर 24 ग्रॅम, वरून घातलेली 15 ग्रॅम आणि उरलेली 9 ग्रॅम दुधाची. रसाच्या पाकिटात मात्र 22 ग्रॅम साखर असते, आणि ती फळातून आलेली असली तरी जागतिक आरोग्य संघटना रसातील साखर ‘मुक्त साखर’ म्हणूनच गणते, अख्ख्या फळातील साखर तशी गणत नाही.