उपवास आणि गोळ्या: कोणती फराळावर, कोणती नुसत्या पाण्यावर?



घटस्थापना जवळ आली की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "उपवास आहे, मग गोळीचं काय करायचं?" कोणी नऊ दिवस गोळ्या बंदच ठेवतं, कोणी सकाळच्या चहावर सगळ्या एकदम गिळतं. सगळ्या गोळ्यांना एकच नियम लागत नाही, म्हणून या वेळी हे नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट. साबुदाणा, भगर, रताळं, दूध-केळी हे आपल्यासाठी फराळ असलं तरी गोळीसाठी ते जेवणच आहे. डॉक्टरांनी "जेवल्यावर घ्या" सांगितलेली गोळी पोटभर फराळावर चालते. नुसता चहा मात्र जेवणात धरू नका.

शुगरची गोळी

सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. घरातल्या कोणाकडून तरी पाकिटावरचं औषधाचं नाव वाचून घ्या. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत नाही. अन्न नसेल तर रक्तातली साखर खाली-खाली जाते. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर एवढी सहसा उतरत नाही, पण रिकाम्या पोटी मळमळ आणि जुलाब होतात; ती फराळासोबत घ्यावी. पुष्कळ पाकिटांवर दोन्ही नावं एकत्र असतात. तेव्हा नियम ग्लिमेपिराइडचाच पाळायचा.

समजा, पाथर्डीकडची पंचावन्न वर्षांची एक ताई आहे. तिला सकाळी नाश्त्याआधी ही दोन नावांची गोळी आहे. पहिल्या माळेला तिने सात वाजता गोळी घेतली, वर नुसता चहा, आणि मोहटादेवीला पायी निघाली. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, छातीत धडधड झाली, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. सोबतच्या बायका म्हणाल्या, "उपवासाची चक्कर आहे, बसू दे," कोणी म्हणालं, "अंगात आलंय." खरं म्हणजे तिची साखर उतरली होती.

अशा वेळी तपासणीची वाट बघू नका. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. साखर उपवासालाही चालते. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच द्या. बरं वाटलं की फराळ खायला लावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. या गोळीचा असर दिवसभर राहतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.

मग या ताईने काय करायला हवं होतं? डॉक्टरांना आधी विचारलं असतं, तर त्यांनी गोळी मोठ्या फराळाच्या वेळेवर नेली असती किंवा कमी केली असती. हे आपल्या मनाने करायचं नाही. इन्सुलिन घेणाऱ्या ताईंनी तर विचारल्याशिवाय उपवास धरूच नये.

बीपीची आणि थायरॉईडची गोळी

बीपीच्या ॲम्लोडिपिनला अन्न लागत नाही. नेहमीच्या वेळी पाण्यासोबत घ्या. नऊ दिवस बंद ठेवली तर बीपी चढतं आणि ते अंगावर कळतही नाही. थायरॉईडची गोळी तर रोजच उपाशीपोटी, पाण्यासोबत आणि चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. उपवासाने त्यात काही बदलत नाही.

हरतालिकेसारखा निर्जळ उपवास असेल तरी गोळीपुरतं पाणी घ्या, कोरडी गोळी घशात अडकते. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी असेल, तर दिवसभर पाण्याविना चक्कर येऊन पडायची भीती असते. अशा ताईंनी निर्जळ उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा.

अंगदुखीची गोळी

दिवसभर पायी चालून गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतली जाते. रिकाम्या पोटी या गोळ्यांनी पोटात जळजळ होते, अल्सरही होऊ शकतो. आधी फराळ करा, मग गोळी घ्या. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा.

उपवासाच्या आठवडाभर आधी

सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि तीन गोष्टी सांगा: उपवास किती दिवस, दिवसातून फराळ किती वेळा आणि कधी, पाणी पिणार की निर्जळ. ते गोळीची जी वेळ सांगतील ती पाकिटावरच लिहून घ्या. आणि शुगरची गोळी चालू असेल, तर देवीला निघताना साखरेची पुडी कमरेच्या पिशवीत ठेवा आणि ती कशासाठी आहे ते सोबतच्या ताईला सांगून ठेवा.