कोळ्याचा धागा ओढून काढावा लागतो

प्रश्न : घरातली जळमटं झाडूच्या एका फटक्यात निघून येतात. तरीही कोळ्याचं रेशीम पोलादापेक्षा पाचपट मजबूत असतं, असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. हे खरं कसं मानायचं? हा धागा कोळ्याच्या पोटात गुंडाळून ठेवलेला असतो की लागेल तसा तयार होतो? आणि तो एवढा मजबूत असेल, तर त्याचे दोर बाजारात का मिळत नाहीत?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

कोळ्याच्या पोटात धागा नसतो. तिथे असतो एक दाट, चिकट द्रव. एक ओळखीचं उदाहरण घेऊ. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या रानांत पावसाळा सरता सरता दोन झाडांच्या मध्ये सोनेरी झाक असलेली भलीमोठी जाळी दिसतात. ती जायंट वूड स्पायडर या कोळ्याची असतात. शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. जाळ्याच्या मधोमध बसलेली, हाताच्या पंजाएवढी दिसणारी असते ती मादी. जाळी विणणाऱ्या अशा कोळ्यांच्या मादीच्या पोटात साधारण सात प्रकारच्या ग्रंथी असतात. प्रत्येकीचं काम निराळं. एकीतून जाळ्याचा आधार होणारा धागा निघतो, दुसरीतून किडे अडकवणारा गोल फिरत जाणारा धागा, तिसरीतून त्यावरचा गोंद, आणखी एकीतून अंड्यांची पिशवी विणायचा धागा. मजबुतीचे जे आकडे सांगितले जातात, ते यातल्या एकाच धाग्याचे असतात : कोळी जिथे जाईल तिथे मागे सोडत जातो आणि खाली उडी टाकताना ज्याला लटकतो, त्या आधारधाग्याचे. म्हणून पुढे मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

या धाग्याच्या ग्रंथीला एक पिशवी असते. पिशवीच्या भिंती एक प्रथिन बनवून आत सोडत राहतात. त्याचा रेणू फार लांब असतो, तीन हजारांहून जास्त अमिनो आम्लांची माळ. पिशवीतल्या द्रवात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत हे प्रथिनच असतं, बाकी पाणी. एवढं दाट प्रथिन आपण भांड्यात ठेवलं, तर त्याच्या गुठळ्या होतील. कोळ्याच्या पोटात ते दिवसचे दिवस द्रवच राहतं आणि गरज पडली की क्षणार्धात घट्ट होतं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

हे जमतं कसं? प्रथिनाच्या लांब माळेच्या दोन टोकांना दोन छोटे, वेगळ्या घडणीचे भाग असतात. पिशवीत वातावरण किंचित अल्कधर्मी असतं, पीएच साधारण साडेसात. तिथे हे भाग रेणूंना एकमेकांत गुंतू देत नाहीत. पिशवीच्या पुढे एक निमुळती होत जाणारी, वळणं घेत जाणारी नळी असते. या नळीतून पुढे सरकताना द्रवातली आम्लता वाढत जाते आणि पीएच सहाच्याही खाली येतो. नळीच्या भिंतीतलं एक विकर कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल तयार करून हे घडवतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2014 साली ते दाखवून दिलं. आम्लता वाढली की एका टोकाचे भाग जोडीजोडीने घट्ट चिकटतात आणि रेणूंची साखळी तयार होते. दुसऱ्या टोकाचे भाग उलगडतात, आणि त्यांच्याभोवती घट्ट होण्याची क्रिया सुरू होते. त्याच वाटेवर द्रवातलं सोडियम आणि क्लोराइड कमी होतं, पोटॅशियम आणि फॉस्फेट वाढतं, आणि नळीच्या भिंती पाणी शोषून घेत राहतात.

पण एवढ्यानेही धागा होत नाही. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. सोऱ्या दाबला की शेव बाहेर पडते, तसा कोळी धागा दाबून बाहेर ढकलतो, असं वाटतं. प्रत्यक्षात तो धागा ओढतो. पोटाच्या टोकाशी बोटांसारखे छोटे अवयव असतात, त्यांवरच्या बारीक तोट्यांतून धागा निघतो. कोळी त्याचं टोक फांदीला चिकटवतो आणि चालू लागतो, किंवा मागच्या पायाने धागा खेचतो, किंवा सरळ खाली उडी घेतो आणि त्याचं वजनच धागा ओढतं. नळीच्या शेवटाजवळ एक झडप असते. तिने धागा पकडून उडी मध्येच थांबवताही येते.

ओढण्याला एवढं महत्त्व का, ते प्रथिनाच्या माळेत दडलेलं आहे. या माळेत दोन प्रकारचे तुकडे आलटून पालटून येतात. एका तुकड्यात अॅलनिन हे छोटं अमिनो आम्ल पाच-दहा वेळा ओळीने येतं. दुसऱ्यात ग्लायसिन जास्त असतं, आणि तो भाग सैल, वेटोळी घातलेला राहतो. द्रव नळीतून ताणला जातो तेव्हा लांब रेणू धाग्याच्या दिशेने सरळ होतात. शेजारशेजारच्या रेणूंमधले अॅलनिनचे तुकडे एकमेकांलगत येतात, मधलं पाणी निघून जातं आणि त्यांचे इवलेसे स्फटिक बनतात. त्यांचा आकार मोजका काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे काही दशलक्षांश. या कडक स्फटिकांना ग्लायसिनचे सैल भाग एकमेकांशी जोडून ठेवतात. धाग्यावर ताण आला की आधी सैल भाग उलगडत जातात आणि धागा लांबतो. स्फटिक मात्र त्याला तुटू देत नाहीत.

या स्फटिकांमधले बंध हायड्रोजन बंध असतात, म्हणजे पाण्याच्या रेणूंना एकमेकांजवळ धरणारेच. सुटा बंध फार दुबळा असतो. पण स्फटिक अगदी लहान असला, की ओढ लागताच त्यातले सगळे बंध एकत्र भार घेतात. स्फटिक मोठे असते, तर कडेचे बंध आधी तुटले असते, मग त्यांच्या आतले, आणि धागा लवकर गेला असता. अमेरिकेत एमआयटीतल्या अभ्यासकांनी 2010 साली संगणकावर हा हिशोब मांडला. कोळ्याच्या धाग्याची ताकद तो कशाचा बनला आहे एवढ्यावर ठरत नाही, त्यातले स्फटिक किती लहान राहिले यावरही ठरते. ओढण्याचा वेग बदलला तर धाग्याचे गुणही बदलतात. जाळं विणताना कोळी सेकंदाला एक-दोन सेंटीमीटर या संथ गतीने चालतो. प्रयोगशाळेत तोच धागा भराभर ओढून काढला, तर तो जास्त ताठ होतो आणि कमी ताणला जातो.

आता तुमचा पहिला प्रश्न. जाळी विणणाऱ्या कोळ्याचा आधारधागा साधारण तीन ते पाच मायक्रॉन जाड असतो. चार मायक्रॉनचा धरू. डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनचा असेल, तर त्याच्या छेदात असे तीनशे धागे मावतील. या धाग्याची ताकद सुमारे 1.1 गिगापास्कल असते, म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाचा धागा 110 किलोपर्यंत वजन पेलेल. चार मायक्रॉनच्या एका धाग्याच्या वाट्याला त्यातलं जेमतेम दीड ग्रॅम येतं. कोळी असे दोन धागे जोडीने सोडतो, आणि त्याला स्वतःला पेलायला ते पुरतं. झाडूच्या फटक्यापुढे ते काहीच नाही. घरातल्या जळमटांचे धागे तर वेगळ्या कोळ्यांचे, त्याहून बारीक आणि धुळीने लडबडलेले असतात.

चांगल्या पोलादी तारेची ताकद 1.5 गिगापास्कलच्या आसपास असते. म्हणजे सारख्याच जाडीच्या धाग्यापेक्षा तार थोडी सरसच. पण पोलादाची घनता रेशमाच्या सहापट आहे. वजनाच्या हिशोबाने कसं दिसतं बघा : पोलादाची तार वरून लटकत सोडली, तर सुमारे 20 किलोमीटर लांब झाल्यावर ती स्वतःच्याच वजनाने तुटेल. कोळ्याचा धागा सुमारे 85 किलोमीटरपर्यंत टिकेल. पाचपटीचं ते वाक्य या तुलनेतून आलेलं आहे, आणि 'वजनाच्या मानाने' हे शब्द वगळले की ते खोटं ठरतं.

याच परीक्षेत केव्हलार कोळ्याला मागे टाकतं. गोळी अडवणाऱ्या जाकिटांत वापरतात तो हा धागा अडीचशे किलोमीटरपर्यंत टिकेल. मग कोळ्याचं कौतुक कशाला? कारण तुटण्याआधी केव्हलार तीन टक्क्यांहूनही कमी लांबतं आणि कोळ्याचा धागा जवळजवळ तीस टक्के. किती ओझं पेललं आणि किती लांबला, या दोन्हींवरून धागा तुटेपर्यंत किती ऊर्जा गिळतो ते ठरतं. त्याला आपण चिवटपणा म्हणू. दर घनमीटर रेशमाला हा आकडा सुमारे 160 मेगाज्यूल आहे, केव्हलारला 50 आणि पोलादी तारेला फक्त 6. जाळ्याला नेमका हाच गुण लागतो. वेगाने येणारा भुंगा जाळ्यावर आदळला, की धागा ताणत ताणत त्याला थांबवतो, आणि त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. ती तशीच राहिली असती, तर जाळ्याने भुंग्याला उलट फेकून दिलं असतं. मादागास्करमधला डार्विन्स बार्क स्पायडर हा कोळी नद्यांवर काठापासून काठापर्यंत पंचवीस मीटर लांबीचे आधारधागे टाकतो. 2010 साली मोजला तेव्हा त्याच्या धाग्याचा चिवटपणा नेफिलाच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त भरला.

राहिला दोराचा प्रश्न. रेशीमकिड्यासारखे कोळी पाळता येत नाहीत, ते एकमेकांना खातात. मादागास्करमध्ये रानातून पकडून आणलेल्या दहा लाखांहून अधिक माद्यांचा धागा हाताने ओढून एक सोनेरी वस्त्र विणलं गेलं. ते 2009 साली न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनात मांडलं होतं. धागा काढून घेतल्यावर कोळी पुन्हा रानात सोडले जात. त्या एका कापडाला चार वर्षं लागली.

म्हणून प्रयत्न झाले ते कोळ्याचं जनुक जिवाणूंत, यीस्टमध्ये आणि शेळीच्या दुधात आणण्याचे. प्रथिन मिळतं. अडचण अशी की तेच ते तुकडे शेकडो वेळा येणारं लांब जनुक जिवाणूंत टिकवणं कठीण जातं, म्हणून बहुधा आखूड प्रथिन वापरतात आणि धागा कमी ताकदीचा निघतो. पूर्ण लांबीचं प्रथिन मिळालं, तरी पिशवीतल्याएवढ्या दाट द्रवात ते गुठळी न होऊ देता ठेवावं लागतं, आणि मग नळीतला तो आम्लता, क्षार, पाणी आणि ओढ यांचा क्रम तसाच घडवून आणावा लागतो. कोळ्याचा तयार धागा विरघळवून पुन्हा कातला, तरी पूर्वीची ताकद येत नाही. शिवाय एक अडचण खुद्द कोळ्याच्या धाग्यातच आहे : मोकळा धागा भिजला की आखडतो, काही जातींत निम्म्याने. पाणी शिरलं की सैल भागांमधले बंध सुटतात आणि ताणून सरळ केलेले रेणू पुन्हा वेटोळी घालतात. जाळं दवाने आवळतं, तेव्हा कोळ्याला त्याचा उपयोग होत असावा. पण पावसात निम्मा होणारा दोर कुणाच्या कामाचा नाही, आणि हा गुण काढून टाकायचा तर ज्या सैल भागांमुळे धागा चिवट होतो, त्यांनाच हात लावावा लागतो.