दाढेला घाबरणारे लेकरू: वायू द्यावा की औषध?

पाच वर्षांच्या, सोळा किलो वजनाच्या मुलीची दाढ किडली आहे, पण ती खुर्चीवर बसायलाच तयार नाही, असे समजू. अशा वेळी डॉक्टर दोन उपाय सुचवतात: नाकाने नायट्रस ऑक्साइड वायू, किंवा तोंडाने मिडाझोलामसारखे औषध. दोन्हींनी भीती कमी होते. दाढ बधिर करण्याचे इंजेक्शन मात्र तरीही लागते.

वायू ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात. आधी नुसता ऑक्सिजन, मग वायू थोडाथोडा वाढवत बहुधा ३० ते ५० टक्क्यांपर्यंत. मूल जागे राहते, बोलते. काम संपल्यावर पाच मिनिटे पुन्हा नुसता ऑक्सिजन देतात आणि अंमल उतरतो. मात्र मुलाने मास्क लावून नाकाने श्वास घ्यायला हवा. म्हणून सर्दीने नाक चोंदलेले असेल, तर तारीख पुढे ढकलावी. कानाचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल किंवा बी-१२ ची कमतरता असेल, तर आधी सांगावे. सोबत येणारी आई गरोदर असेल, तर तिने खोलीबाहेर थांबावे.

मुलगी मास्क लावूच देत नसेल, तर तोंडाच्या औषधाचा विचार होतो. येथे काळजी जास्त लागते, कारण पोटात गेलेले औषध वायूसारखे बंद करता येत नाही. डोस वजनावर ठरतो. किलोला अर्धा मिलिग्रॅम धरला, तर या मुलीला ८ मिलिग्रॅम होतात. म्हणून त्याच दिवशी वजन करावे. औषध दवाखान्यातच द्यावे, घरून पाजून आणू नये. तिने थोडे थुंकले, तरी अंदाजाने पुन्हा देऊ नये. आधी सहा तास जेवण आणि दूध बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.

मूल रात्री घोरते का, हे आम्ही मुद्दाम विचारायला सांगतो. टॉन्सिल मोठे असतील, तर गुंगीत श्वास अडतो. अशा मुलाचे, तसेच हृदयविकार किंवा सिकलसेल असलेल्या मुलाचे काम भूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात करणे बरे. सिकलसेल विदर्भात आपल्या अनेक घरांत आहे, म्हणून तपासणीचा कागद सोबत न्यावा.

उपचार चालू असताना बोटाला पल्स ऑक्सिमीटर हवा. डॉक्टरांचे लक्ष दाढेवर असते, म्हणून छातीची हालचाल, श्वास आणि ओठांचा रंग पाहणारी दुसरी प्रशिक्षित व्यक्ती हवी. ऑक्सिमीटरचा आकडा श्वास अडल्यानंतर काही वेळाने उतरतो. त्यामुळे नुसत्या यंत्रावर विसंबू नये. ऑक्सिजन, श्वास देण्याची पिशवी आणि मिडाझोलामचा उतारा फ्लुमाझेनिल जवळ असावे.

मूल नीट जागे होऊन, आधाराशिवाय बसू लागल्यावरच घरी न्यावे. मोटारसायकल नको. रिक्षात एकाने फक्त मुलाकडे पाहावे. झोप लागून हनुवटी छातीवर टेकली, तर श्वास कोंडतो. मान सरळ ठेवावी. हाक मारूनही जागे होत नसेल, किंवा ओठ निळे पडले, तर थेट जवळच्या रुग्णालयात जावे.