पांढऱ्या पाटीवर भाडी मारावीत का?

प्रश्न : पुण्याहून मुंबई विमानतळाच्या एका फेरीचे ३,५०० रुपये मिळतात. पेट्रोल-टोल २,६०० जातो. लग्नाचीही भाडी येतात. गाडी खासगी आहे. चालेल का?

उत्तर : उरलेले ९०० रुपये तुमचे नाहीत. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर होतात. चार टायर २४,००० रुपयांचे आणि ४०,००० किलोमीटर चालणारे धरले, तर किलोमीटरमागे ६० पैसे झिजतात. सर्व्हिसिंगचे तेवढेच धरा. गाडीची पुनर्विक्री किंमत किलोमीटरमागे दीड रुपयाने उतरते असे धरले, तर एकूण ८१० रुपये गेले. हातात ९०.

त्याहून मोठी काळजी विम्याची आहे. खासगी पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. घाटात गाडी ठोकली आणि प्रवाशाने पैसे दिल्याचे सांगितले, तर गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. शिवाय परवान्याविना भाडे मारल्यास मोटार वाहन कायद्यात दहा हजारांचा दंड आहे. लग्नाची सजवलेली गाडीही भाड्याचीच धरली जाते.

नियमित काम करायचे असेल, तर आरटीओत वाहनाचा वर्ग बदला, पिवळी पाटी, पर्यटक परवाना आणि व्यावसायिक विमा घ्या. परतीचे भाडे मिळत नसेल, तर ३,५००ला फेरी घेऊच नका.