फ्लॅशमधला लाल डोळा: घुबड की रातवा?

मे महिन्यातली रात्र. तळेगाव दाभाडे स्टेशनजवळच्या घराच्या ओट्यावर भाची मोबाइल घेऊन मावशीशेजारी बसली आहे. मावशी शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आणि मावळातल्या रानवाटा पाखरांच्या नादाने तिने पायाखाली घातल्या आहेत. भाची आदल्या रात्री इंदोरीकडून भंडारा डोंगराच्या पायथ्याने आली होती. वाटेत तिने फोटो काढले होते.

भाची: मावशी, हे बघ. रस्त्याच्या मधोमध घुबड बसलं होतं. गाडीच्या उजेडात आधी नुसते दोन निखारे दिसले. मग आम्ही थांबलो आणि मी फ्लॅश मारला.

मावशी: घुबड कशावरून?

भाची: रात्रीची वेळ, आणि डोळे केवढे लाल चमकतायत!

मावशी: त्या लाल रंगावरच तर विश्वास ठेवायचा नाही. तो पक्ष्याच्या डोळ्याचा रंगच नव्हे. मोबाइलचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो. त्याचा उजेड बाहुलीतून आत जातो, मागच्या पडद्यावर आपटतो आणि आल्या वाटेने थेट भिंगात परततो. तुला दिसतो तो हा परतलेला उजेड. रातव्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा थर असतो, म्हणून त्याचे डोळे लांबूनही पेटल्यासारखे दिसतात. घुबडाच्या डोळ्यात तसा थर नसतो. जवळून फ्लॅश मारलास तर त्याच्या बाहुलीत लालसर झाक येईल, पण असा निखारा पेटायचा नाही.

भाची: म्हणजे हा रातवा? फक्त चमकेवरून ठरवलंस?

मावशी: नाही, चमकेने नुसता संशय येतो. फोटो मोठा कर आणि डोळा नीट बघ. चमकणाऱ्या भागाभोवती रंगीत कडं आहे का?

भाची: नाही. अख्खा डोळाच पेटलाय.

मावशी: रातव्याचं बुबुळ गडद तपकिरी असतं. रात्री बाहुली पसरली की बुबुळाची जेमतेम कड उरते, म्हणून सगळा डोळा चमकलेला दिसतो. आता तुझा दुसरा फोटो काढ, वडाच्या ढोलीतला.

भाची: याचे डोळे पिवळे आहेत, मध्ये काळा ठिपका. आमच्याकडे रोखून बघत होता.

मावशी: हा पिंगळा. पिवळं कडं हा त्याच्या बुबुळाचा खरा रंग, फ्लॅशने आलेला नव्हे. पण म्हणून ‘पिवळा डोळा तो घुबड, गडद डोळा तो रातवा’ असं पाठ करू नकोस. गव्हाणी घुबडाचे डोळे काळेभोर असतात. रंगाने फसशील. डोळे चेहऱ्यावर कुठे बसवलेत ते बघ.

भाची: पिंगळ्याचे दोन्ही समोर आहेत, माणसासारखे.

मावशी: आणि रस्त्यावरच्या पक्ष्याचे?

भाची: डोक्याच्या दोन बाजूंना. तरी दोन्ही एकदम चमकले!

मावशी: तो तोंड गाडीकडे करून बसला होता आणि त्याचे डोळे मोठे, बाहेर आलेले आहेत, म्हणून. तो जरा वळला असता तर एकच चमकला असता. घुबडाची गोष्ट वेगळी. त्याचे डोळे गोल नसतात, नळीसारखे लांबट असतात आणि खाचेत घट्ट बसलेले असतात. ते त्याला फिरवता येत नाहीत, म्हणून बाजूला बघायचं तर अख्खं डोकं वळवावं लागतं. म्हणूनच पिंगळ्याच्या फोटोत धड एकीकडे आणि चेहरा सरळ तुझ्याकडे आला आहे.

भाची: आणि चेहऱ्याची ठेवण?

मावशी: घुबडाचा चेहरा थाळीसारखा सपाट. डोळ्यांभोवतीची पिसं चक्राकार लागलेली असतात आणि आवाज गोळा करून कानाकडे नेतात. गव्हाणी घुबडात ही थाळी बदामाच्या आकाराची आणि ठळक असते, पिंगळ्यात तेवढी उठून दिसत नाही. चोच मात्र दोघांचीही मधोमध, खाली वळलेली आणि आकड्यासारखी. रातव्याला थाळी नाही. डोकं वरून दाबल्यासारखं चपटं, चोच इवलीशी. पण त्याने तोंड उघडलं की जबडा डोळ्यांच्या मागपर्यंत फाकतो, आणि कडेला मिशांसारखे राठ केस असतात. उडते किडे तोंडात घ्यायला हे सोयीचं. या मोठ्या तोंडामुळेच युरोपात जुन्या काळी लोकांना वाटायचं की हा पक्षी रात्री शेळ्यांचं दूध पितो. त्याचं शास्त्रीय नाव कॅप्रिमल्गस, त्याचा अर्थच शेळीचं दूध काढणारा.

भाची: मग हा तिसरा बघ. बाभळीवर मोडक्या फांदीचं खोड वाटलं, पण एक ठिणगी चमकली म्हणून फोटो काढला. चेहरा नीट आलेला नाही. आता कसं ओळखायचं?

मावशी: बसण्यावरून. फांदी कशी गेली आहे आणि पक्षी कसा बसला आहे?

भाची: फांदी आडवी आहे, आणि पक्षी तिच्यावर लांबीच्या दिशेने पडल्यासारखा.

मावशी: बरोबर. घुबड फांदीवर काटकोनात बसतं, अंग ताठ उभं, पायांची पकड पक्की. रातव्याचे पाय आखूड आणि दुबळे, म्हणून तो बहुतेक वेळा फांदीला समांतर, पोट टेकून बसतो. जमिनीवरही तसाच चपटा. तुझ्या पहिल्या फोटोत पक्ष्याचे पाय दिसतायत का?

भाची: अजिबात नाहीत. पालापाचोळ्याचा ढीग वाटतोय.

मावशी: पिंगळा जमिनीवर उतरला तरी ताठ उभा राहतो, पाय दिसतात. पण एका घुबडाने फसशील. शिंगळा घुबड घाबरलं की अंग बारीक करतं, कानांजवळचे पिसांचे तुरे उभे करतं आणि मोडक्या खुंटासारखं दिसतं. मात्र तो खुंट उभा असतो, रातव्याचा आडवा.

भाची: शेवटचा तळ्याकाठचा. लाल डोळा, चपटं डोकं, मान आखडून बसलेला. हाही रातवाच!

मावशी: चोच बघ.

भाची: लांब, टोकदार… आणि पायही लांब आहेत.

मावशी: हा रातबगळा. मोठ्या रातबगळ्याचं बुबुळच लाल असतं. म्हणजे लाल रंग इथे खरा, आणि रातव्याच्या फोटोत तो फ्लॅशचा. म्हणून रंग सगळ्यात शेवटी बघायचा. आधी डोळे समोर की बाजूला, मग चेहरा आणि चोच, मग बसण्याची तऱ्हा. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरच नाव घ्यायचं.

भाची: मग पहिल्या आणि तिसऱ्या फोटोंखाली नेमका कोणता रातवा म्हणून लिहू?

मावशी: नुसतं ‘रातवा’ लिही. आपल्याकडे रातव्याच्या अनेक जाती आहेत, आणि सगळ्यांची पिसं राखी-तपकिरी, सुकल्या पानांसारखी. फ्लॅशच्या उजेडात तर बारीक खुणाही पुसल्या जातात. जात ठरते ती आवाजाने. साधा रातवा ओरडतो ते चेंडू उसळत उसळत थांबावा तसं, ‘चक-चक-चकर्र’. रानरातवा एकाच लयीत ‘चकू-चकू-चकू’ करत राहतो. काल काही ऐकलंस?

भाची: गाडीचं इंजिन चालू होतं.

मावशी: पुढच्या वेळी गाडी बंद कर, दिवे मंद कर आणि दोन मिनिटं कान दे. फ्लॅश एकदाच. दिपलेला रातवा रस्त्यावरच बसून राहतो आणि मागून येणाऱ्या गाडीखाली सापडतो. आणि रस्ता सोडून आत जायचं नाही. या दिवसांत तो घरटं न बांधता उघड्या जमिनीवर अंडी घालतो. ती पाचोळ्यात दिसतही नाहीत.

भाचीने पहिल्या फोटोखालचं ‘घुबड’ खोडलं आणि ‘रातवा, आवाज ऐकला नाही’ असं लिहिलं.