ताब्याआधीचं हरकतपत्र

फ्लॅट तयार झाला की बिल्डरचं शेवटचं मागणीपत्र येतं, आणि करारात नसलेली पार्किंग व क्लबहाउसची रक्कम बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा दिसते. किल्लीच्या ओढीने लोक ती भरून टाकतात. भरलेले पैसे परत मागणं फार अवघड जातं, म्हणून हरकत पैसे देण्याआधीच लेखी पोचली पाहिजे.

पत्र लिहिण्याआधी नोंदणीकृत करारनामा काढून तीन जागा वाचा. पहिली मोबदल्याच्या कलमाची. महारेराच्या नमुना करारात बंदिस्त पार्किंगची किंमत फ्लॅटच्या किमतीशेजारीच लिहायची असते. दुसरी, ताब्याच्या वेळी द्यायच्या रकमांची यादी: सोसायटी स्थापनेचा खर्च, भागभांडवल, देखभालीचा आगाऊ हप्ता, वीज-पाण्याची अनामत. तिसरी, परिशिष्टांमधली सुविधांची यादी आणि पार्किंगचा तपशील. ‘क्लबचं शुल्क वेगळं आकारलं जाईल’ असं कुठे लिहिलेलं असेल तर तुमची बाजू कमकुवत आहे. तेव्हा नकार देण्याऐवजी आकारणीचा हिशेब मागा. मोघम ‘इतर शुल्क’ एवढंच असेल, तर हे शुल्क त्यात कुठल्या आधारावर बसवलं ते विचारा.

आता मागणीपत्रातल्या रकमा दोन भागांत पाडा. माझ्या मते सगळ्या पत्राचा जीव या वाटणीत आहे. समजा, पुण्यातल्या ७२ लाखांच्या फ्लॅटच्या करारात एका बंदिस्त पार्किंगची किंमत धरलेली आहे आणि क्लबहाउस सुविधांच्या यादीत आहे. मागणी आली ९,१५,००० रुपयांची. त्यात ५ टक्क्यांचा शेवटचा हप्ता करासह ३,७८,००० आणि देखभालीचे ६०,००० करारातले आहेत; हे ४,३८,००० मान्य. पार्किंगचे ३ लाख आणि क्लबचे करासह १,७७,००० करारात नाहीत. हे ४,७७,००० अमान्य. संतापाच्या भरात पूर्ण रक्कम अडवून धरू नका. मान्य रक्कम थकली तर करारानुसार तुमच्यावर व्याज चढतं, आणि बिल्डरला तुम्हालाच थकबाकीदार म्हणायची संधी मिळते.

पत्र एका पानाचं पुरे. विषयात फ्लॅट क्रमांक, प्रकल्पाचा महारेरा नोंदणी क्रमांक, करारनाम्याचा दस्त क्रमांक आणि मागणीपत्राची तारीख लिहा. मजकूर असा ठेवता येईल:

‘आपल्या मागणीपत्रातील पार्किंगचे ३,००,००० व क्लबहाउसचे १,७७,००० रुपये नोंदणीकृत करारनाम्यात नाहीत. करारातील बंदिस्त पार्किंगची किंमत मोबदल्यात समाविष्ट आहे व क्लबहाउस परिशिष्टातील सुविधांमध्ये नमूद आहे. या दोन्ही रकमा मला अमान्य आहेत. त्यांचा आधार असलेले करारातील कलम कळवावे, अथवा त्या वगळून सुधारित मागणीपत्र सात दिवसांत द्यावे. करारानुसार देय असलेले ४,३८,००० रुपये मुदतीत देण्यास मी तयार आहे. अमान्य रकमेपोटी ताबा रोखू नये. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत सोबत द्यावी.’

मोबदल्याच्या कलमाचं आणि परिशिष्टाचं पान जोडा. मागितलेलं पार्किंग उघड्यावरचं असेल तर एक वाक्य वाढवा: रेरा कायद्यात उघडी पार्किंगची जागा सामाईक क्षेत्रात मोडते, ती विकता येत नाही.

पत्र करारात दिलेल्या बिल्डरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि करारातल्याच ईमेलवर पाठवा. विक्री कार्यालयातल्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅप केलं म्हणजे हरकत नोंदवली असं होत नाही. मागणीपत्रातली मुदत संपायच्या आत ते पोचायला हवं. गृहकर्ज असेल तर बँकेलाही प्रत द्या आणि शेवटच्या हप्त्यापलीकडे काही वितरित करू नका असं लेखी कळवा.

उत्तर फोनवर आलं, ‘सगळेच भरतायत’ किंवा ‘नंतर बघू’ असं, तर त्याच दिवशी ईमेल करा: आपण फोनवर असं सांगितलंत, माझी हरकत कायम आहे. मुदत संपत आली आणि सुधारित पत्र आलं नाही, तर मान्य रक्कम बँकेतून भरा आणि ती कोणत्या बाबींची आहे हे ईमेलने कळवा, म्हणजे ती क्लबच्या खात्यात वळवली जाणार नाही.

ताब्याच्या दिवशी पुढ्यात येणारे कागद सावकाश वाचा. ‘माझी कोणतीही तक्रार नाही, सर्व रकमा मान्य आहेत’ अशा हमीपत्रावर सही केली की आधीच्या हरकतीचा जोर जातो. सही करायचीच असेल तर ‘अमुक तारखेच्या पत्रातील हरकत राखून’ असं वर स्वतःच्या हाताने लिहा आणि त्या पानाचा फोटो घ्या. त्याच वेळी पुढे केलेल्या पुरवणी करारावर तर नीट वाचल्याशिवाय सही करूच नका, कारण करारात नसलेलं शुल्क त्यातून करारात येतं.

भाड्याच्या घराची मुदत संपली आहे आणि किल्ली अडली आहे, असाही प्रसंग येतो. तेव्हा वादातली रक्कम भरावी लागलीच, तर भरण्याआधी ईमेल करा की ही रक्कम ताबा अडवल्यामुळे, हक्क राखून, परताव्याच्या मागणीसह देत आहे. रोखीने देऊ नका आणि बाबवार पावती घ्या. त्यानंतर महारेराच्या संकेतस्थळावर, रेरा कायद्याच्या कलम ३१ खाली तक्रार दाखल करता येते. त्या तक्रारीला करारनामा, मागणीपत्र, हरकतपत्र आणि त्याची पोचपावती या क्रमाने जोडा.