पार्किंगमधला प्लग कोणाच्या मीटरवर?

बिल्डिंगमध्ये राहणारं कुणी इलेक्ट्रिक गाडीबद्दल विचारायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, एका चार्जिंगमध्ये किती जाते? मी उलट विचारते, तुमच्या पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचा प्लग आहे का, आणि असला तर त्याची वायर कोणाच्या मीटरवरून येते? याचं उत्तर पक्कं नसेल तर बुकिंगची रक्कम भरू नका, असं मी स्पष्ट सांगते.

मी गडबला महामार्गालगतच्या एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते आणि नोकरीला अलिबागला जाते. वडखळमार्गे येऊन-जाऊन साठेक किलोमीटर होतात. गाडी लहान आहे, बॅटरी 24 युनिटची. एका युनिटला ती सात किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे रोज साडेआठ-नऊ युनिट लागतात. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर तेवढी वीज साडेतीन-चार तासांत भरते. जेवण उरकून प्लग लावायचा आणि सकाळी काढायचा. रोजच्या ठरलेल्या अंतराला याहून सोयीची गाडी नाही, हे मी आजही म्हणते.

प्लग होता स्टिल्टमधल्या दिव्यांच्या बोर्डाशेजारी, सोसायटीच्या सामाईक मीटरवर. सेक्रेटरी काकांनी तोंडी परवानगी दिली, वायरमनने मध्ये सबमीटर बसवला आणि रीडिंगप्रमाणे मी दर महिन्याला पैसे देऊ लागले. नीट चाललं होतं. पुढे वार्षिक सभेत नवी कमिटी आली आणि एका सभासदाने विचारलं, “उद्या आणखी चौघांनी गाड्या आणल्या तर सामाईक मीटरला तो लोड झेपेल का?” प्रश्न रास्त होता. निर्णय होईपर्यंत प्लग बंद ठेवायचं ठरलं. त्याच सभेत पार्किंगच्या चिठ्ठ्या पडल्या आणि माझी जागा बोर्डापासून दूर, गेटजवळ गेली.

पार्किंगची ही बाब बऱ्याच जणांना माहीत नसते. स्टिल्टमधलं पार्किंग ही इमारतीची सामाईक जागा आहे आणि बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद प्रकरणात स्पष्ट केलं. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप होतं. म्हणजे आज ज्या खांबावर तुम्ही चार्जर बसवाल, त्या खांबाखाली पुढच्या वर्षी शेजाऱ्यांची गाडी असू शकते. म्हणून परवानगीचा ठराव लिहून घेताना ‘चार्जिंग पॉइंट असलेली जागा त्या गाडीसाठी कायम’ हे वाक्य त्यात घालून घ्या. नुसत्या ना हरकत दाखल्याने भागत नाही. आपल्याकडे ग्रामपंचायत हद्दीतल्या कित्येक इमारतींची सोसायटी नोंदलेलीच नसते. तिथे सगळ्या फ्लॅटधारकांच्या सह्या घ्याव्या लागतात.

प्लग बंद होता तेव्हा मी महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर अवलंबून राहिले. बॅटरी वीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत भरली तर चौदा-साडेचौदा युनिट मिळतात, म्हणजे शंभर किलोमीटर. रोजच्या साठ किलोमीटरला त्याचा अर्थ निदान दिवसाआड चार्जरवर जाणं. छोट्या बॅटरीची गाडी तिथे पाऊण तास घेते आणि आधी कुणी लावून गेलेलं असेल तर त्याचा वेळ वेगळा. ऐंशीच्या पुढे वेग इतका मंदावतो की थांबण्यात अर्थ नसतो. गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या गाड्या कोकणात उतरू लागल्या की रांग कधी संपेल ते सांगता येत नाही. त्यातच मॅन्युअलमध्ये सूचना असते की सतत फास्ट चार्जिंग न करता अधूनमधून सावकाश, पूर्ण शंभर टक्के चार्ज करावं, म्हणजे बॅटरीतले सेल एका पातळीवर येतात. प्लगच नसेल तर ते करायचं कुठे?

पैशाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. फास्ट चार्जरवर करासह युनिट बावीस रुपयांना पडलं तर किलोमीटरला तीन रुपयांच्या वर जातात. सीएनजीची लहान गाडीही जवळपास तेवढ्यातच पळते. म्हणजे गाडी घेताना जे जास्तीचे पैसे मोजले ते वसूल व्हायला घरचं चार्जिंगच हवं.

घरच्या मीटरवरही एक खाच आहे. महिन्याला दीड हजार किलोमीटर धरले तर चार्ज करताना वाया जाणारी वीज धरून 240 युनिट लागतात. घराचा वापर 120 युनिट असेल तर एकूण 360 होतात आणि गाडीची शेवटची युनिटं महावितरणच्या 301 ते 500 या टप्प्यात जातात. तिथला दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त असतो. बिल घेऊन बसा आणि गाडीची युनिटं वरच्या टप्प्यांत टाकून बघा. यावर उपाय आहे. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रिक गाडीसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागता येते आणि ग्रामीण भागात नव्या जोडणीची मुदत 15 दिवसांची आहे. मी शेवटी तेच केलं. माझ्या नावाचा वेगळा मीटर आला, तेव्हा सामाईक मीटरवरच्या लोडचा आक्षेपच उरला नाही आणि कमिटीने ठरावही दिला.

मीटर आला तरी वायरिंगमध्ये कसर करू नका. इस्त्री थोड्या वेळाने आपोआप बंद होते, गाडी मात्र तेरा-चौदा अँपिअर सलग चार तास ओढते. मीटरपासून पार्किंगपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची अखंड वायर, तिला स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी, आणि मध्ये एकही जोड नको. खिडकीतून सोडलेलं एक्स्टेंशन तर अजिबात नको. आमच्याकडे खाडीच्या खाऱ्या हवेने सॉकेटची पितळ काळवंडते, पकड सैल होते आणि तिथेच उष्णता साठते. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल, सॉकेट तपकिरी पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर लगेच बंद करून सॉकेट बदला.

अर्थिंग आणि व्होल्टेज गाडी घेण्याआधीच तपासून घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो आणि तो वीज घेतच नाही. पावसाळ्यात व्यवस्थित चालणारं अर्थिंग मे महिन्यात जमीन सुकली की दगा देतं, मग अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. व्होल्टेज दुपारी मोजून उपयोग नाही, गावातले पंखे-एसी चालू असताना रात्री नऊच्या सुमारास मोजा. दोनशेच्या बरंच खाली जात असेल तर चार्जिंग अधूनमधून तुटेल, आणि ते सकाळी निघताना कळेल.

भाड्याने राहणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. अकरा महिन्यांच्या करारावर स्वतंत्र मीटर, वायर आणि ठराव यांचा खर्च कुणी करायचा? घरमालकाने जोडणीच्या अर्जावर लेखी संमती दिली आणि निघताना मीटर ठेवून घ्यायचं कबूल केलं तर जरूर घ्या. नाहीतर कामाच्या ठिकाणी प्लग मिळतो का ते पाहा. आठ तास गाडी एकाच जागी उभी राहते, तेवढ्यात साधा प्लगसुद्धा वीसेक युनिट भरतो. पण तिथेही आधी तेच विचारा, वायर कोणाच्या मीटरवरून येते, आणि परवानगी कागदावर आहे का. माझ्या एका सहकाऱ्याला ती कागदावर मिळाली नाही, म्हणून त्याने सीएनजी घेतली, आणि मी त्याला तेच सुचवलं होतं.